डिझाइन इंजिनिअरची प्रोफाइल: एका बेअरिंग हाउसिंगची नोंद कशी लिहावी

डिझाइन विभागासाठी आलेल्या प्रोफाइल वाचणं हा बऱ्याच वर्षांपासून माझ्या कामाचा भाग आहे. नवख्यांच्या प्रोफाइलमध्ये एक ओळ हमखास असते, थोड्याफार फरकाने अशी: "बेअरिंग हाउसिंगचे डिझाइन केले. टॉलरन्स ऑप्टिमाइझ करून खर्चात ३० टक्के बचत केली." ओळ वाचायला बरी वाटते, पण मला त्यातून काहीच कळत नाही. कुठली मापं सैल केली? कशाच्या जोरावर? आणि ३० टक्के कशाचे?

अशाच एका नोंदीवर आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरसोबत मी बसले होते. काम त्याने खरंच चांगलं केलं होतं, ते कागदावर येत नव्हतं एवढंच.

भाग साधा होता. ओतीव लोखंडाचं छोटं हाउसिंग, आत ४७ मिमी बाहेरच्या व्यासाचं बॉल बेअरिंग, आणि खाली एम८ च्या चार बोल्टने फ्रेमला बसणारा पाया. शाफ्टच्या दोन टोकांना अशी दोन हाउसिंग. जुन्या ड्रॉइंगवर एक सरसकट टीप होती: सर्व मापं ±०.०५ मिमी. अशा टिपा एका ड्रॉइंगवरून दुसऱ्यावर कॉपी होत येतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. मशिनवाला मात्र प्रत्येक माप तेवढ्या काळजीने काढतो, मोजतो आणि त्याचे पैसे लावतो.

ज्युनिअरने प्रत्येक मापाला एकच प्रश्न विचारला: हे माप चुकलं तर नेमकं काय बिघडेल? बेअरिंगच्या बोअरचं उत्तर स्पष्ट होतं. बोअर मोठा झाला तर बाहेरची रिंग आत फिरायला लागते, लहान झाला तर बेअरिंग ठोकून बसवावं लागतं. तिथे त्याने एच७ दिला, म्हणजे या व्यासाला शून्य ते अधिक ०.०२५ मिमी. बेअरिंगची बाहेरची रिंग स्वतः शून्य ते उणे ०.०११ असते, म्हणून दोघांतली फट शून्य ते ०.०३६ मिमीच्या आत राहते. जुन्या सरसकट टिपेत हा बोअर ०.०५ ने लहानही चालला असता! म्हणजे जिथे खरी गरज होती तिथेच ते ड्रॉइंग ढिलं होतं.

दुसरं महत्त्वाचं माप पायापासून बोअरच्या केंद्राची उंची. दोन्ही हाउसिंगमध्ये ही सारखी नसेल तर शाफ्ट तिरका बसतो. तिथे ±०.०५ तसंच ठेवलं.

बोल्टच्या भोकांची गोष्ट वेगळी. हाउसिंग आणि फ्रेम दोन्हींत ९ मिमीची आरपार भोकं, बोल्ट ८ चा. दोन्हीकडे १ मिमी मोकळीक असल्यामुळे प्रत्येक भोकाचं केंद्र आपल्या ठरलेल्या जागेभोवती १ मिमी व्यासाच्या वर्तुळात कुठेही असलं तरी बोल्ट जातो, आणि हाउसिंगची अंतिम जागा जुळणीच्या वेळी शाफ्ट लावूनच पक्की होते. मग भोकांमधलं अंतर ±०.०५ मध्ये धरायचं कारण काय? मशिन केलेल्या बाकीच्या मापांना त्याने आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग लावला, ज्यात ३० मिमीच्या पुढे १२० मिमीपर्यंत ±०.३ मिमी चालतं. मागच्या बाजूला तर काहीच टेकत नव्हतं. ती बाजू कास्टिंग जशी येते तशीच ठेवली आणि एक अख्खा सेटअप वाचला.

आता बचत. एका नगाचं मशिनिंग ४० मिनिटांवरून २८ मिनिटांवर आलं, हेच त्याचे ३० टक्के. पण त्या भागाच्या खर्चात मशिनिंगचा वाटा साधारण निम्मा होता. कास्टिंगचा खर्च जागचा हलला नव्हता. म्हणजे भाग स्वस्त झाला सुमारे १५ टक्क्यांनी. मुलाखतीत आम्ही नेमकं इथेच बोट ठेवतो: टक्के कशाचे, आणि हा आकडा अंदाजाचा की नव्या दराने आलेल्या कोटेशनचा? ज्याने काम केलंय तो पटकन सांगतो. ज्याने आकडा ऐकलेला असतो तो "टीमने काढला होता" म्हणतो.

हे सगळं समजावायला मला एवढे परिच्छेद लागले. प्रोफाइलमध्ये त्यातलं थोडंच जायला हवं. आम्ही शेवटी ठरवलेली नोंद अशी:

"ओतीव लोखंडाचे बेअरिंग हाउसिंग, जुन्या डिझाइनमध्ये सुधारणा (सॉलिडवर्क्स). सरसकट ±०.०५ मिमीऐवजी फक्त बेअरिंग बोअर (एच७) आणि केंद्राची उंची घट्ट ठेवली. एक सेटअप कमी. मशिनिंगचा वेळ ४० वरून २८ मिनिटे, भागाचा खर्च सुमारे १५ टक्के कमी, व्हेंडरच्या नव्या कोटेशननुसार. माझे काम: टॉलरन्सचा अभ्यास, मॉडेल, ड्रॉइंग."

फटीचा हिशेब, वर्तुळाचा व्यास, आयएसओचा क्रमांक यातलं काहीही इथे नाही, आणि ते मुद्दामच. प्रोफाइल आधी बहुधा एचआरच्या हातात जाते. तिथे भाग कुठला आणि फायदा काय एवढं कळलं तरी पुरे. डिझाइनच्या माणसाला "फक्त बोअर आणि उंची घट्ट" हे शब्द पुरतात, बाकीचं तो विचारेलच. "माझे काम" ही शेवटची ओळ मात्र गाळू नका. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा कुठला, हे सांगितलं नाही तर वाचणारा तो कमीच धरतो.

कॅडची वेगळी यादी ठेवायची असेल तर छोटी ठेवा आणि नावापुढे काम लिहा. "क्रिओ: शीट मेटलचे भाग, ६० भागांची असेंब्ली, ड्रॉइंग रिलीज" यातून जे कळतं ते नावापुढच्या पाच ताऱ्यांतून कळत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर नुसता कोर्स झालाय त्याच्यापुढे "कोर्स" असंच लिहावं. मुलाखतीत समोर मॉडेल उघडून एखादं माप बदलायला सांगतात, आणि फीचर ट्री लाल झाला की काय ते कळतंच.

नोकरीचा अनुभव नसेल तर बचतीचा आकडा ओढूनताणून आणू नका. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला एकच भाग घ्या, त्यात कुठलं माप घट्ट ठेवलं आणि का, हे दोन ओळींत लिहा. भाग बनवून घेतला असेल तर मोजलेलं माप सोबत द्या. बोअर ४७.०१८ आला, बेअरिंग हाताने बसलं, एवढंही चालतं.

राहिला पोर्टफोलिओ. कंपनीचं ड्रॉइंग, टायटल ब्लॉक झाकूनसुद्धा, त्यात घालू नका. गोपनीयतेच्या कराराचा प्रश्न तर आहेच. शिवाय समोरचा मनात म्हणतो, उद्या हा आमचीही ड्रॉइंग अशीच बाहेर दाखवेल. त्याऐवजी तसाच एक सर्वसाधारण भाग स्वतः नव्याने काढा, मापं वेगळी घ्या, आणि ज्या दोन-तीन टॉलरन्सबद्दल बोलायचंय तेवढेच त्यावर दाखवा. एक पान पुरतं. मुलाखतीला त्याची छापील प्रत न्यावी, कारण बोलता बोलता त्यावर पेन्सिलने रेघा माराव्या लागतात.