सोसायटीला पत्र देण्याआधी: लिव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा

फ्लॅटमध्ये कोण आणि कोणत्या नात्याने राहतंय हे सोसायटीला लेखी कळवायचं असेल, तर आधी नोंदणी झालेला करार समोर उघडा. आठवणीवर पत्र लिहू नका. नाव, पत्ता, फ्लॅट क्रमांक तर घालालच. करार संपण्याची तारीख मात्र पहिल्याच परिच्छेदात हवी. मागच्या पत्रात माझ्याकडून नेमकी तीच राहिली होती.

मग करार कसला आहे ते पाहा. नुसतं शीर्षक वाचून भागत नाही. जागा मालकाचीच राहून समोरच्याला फक्त वापरायची परवानगी असेल तर तो लायसन्स, 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 52. मुदतीपुरता जागेच्या उपभोगाचा हक्कच त्याच्याकडे गेला असेल तर भाडेपट्टा, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 105. अकरा महिन्यांचा आहे म्हणून लायसन्स, हा समज सोडा. मुदतीवरून ते ठरत नाही. आणि महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते.

समजा, लायसन्स 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025, शुल्क महिना 18,000 रुपये. पत्रात लिहायचं: ‘श्री. अमुक हे लायसन्सी म्हणून सदर सदनिका 30 एप्रिल 2025 पर्यंत वापरत आहेत.’ ‘माझे भाडेकरू गेल्या वर्षापासून राहतात’ असं लिहिलंत तर मुदतच दिसत नाही आणि पुढे वाद झाला तर तुमचंच पत्र तुमच्यासमोर ठेवलं जाईल. राहण्याच्या जागेचा लायसन्सी मुदत संपल्यावर निघाला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यानंतरच्या वापराबद्दल दुप्पट दराने, म्हणजे इथे महिना 36,000 रुपयांप्रमाणे, भरपाई मागता येते. भाडेकरूला काढायला हा रस्ता नाही. त्यासाठी कायद्यातली कारणं दाखवून न्यायालयात जावं लागतं. हे सगळं जिच्यावर उभं आहे ती तारीख म्हणजे 30 एप्रिल. ती पत्रात आली का, पुन्हा पाहा.

‘ताबा दिला’ हे शब्द लायसन्सच्या पत्रात नकोत, ‘वापरास परवानगी दिली’ असं लिहा. रक्कम ‘लायसन्स शुल्क’, ‘भाडं’ नव्हे. सोसायटीच्या छापील फॉर्मवर ‘भाडेकरू’ असेल तर खोडून ‘लायसन्सी’ लिहा आणि शेजारी सही करा. करार खरंच भाडेपट्ट्याचा असेल तर उलट भाडेपट्टाच लिहा. पत्रात लायसन्स म्हटल्याने पट्ट्याचा लायसन्स होत नाही, कोर्ट व्यवहार पाहतं.

कराराचं नूतनीकरण झालं असेल तर नव्या कराराची तारीख घ्या, जुनी नव्हे. दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख टाका, कराराची प्रत जोडा, सही करा, पोच घ्या. द्यायच्या आधी शेवटची तारीख कराराशी ताडून पाहा.