चौकशी ते पहिला फोन : मधली मिनिटे कुठे जातात

बडोद्यात छतावरील सोलर बसवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात मी रुजू झालो, तेव्हा चौकशीला उशिरा फोन जातो याचा अर्थ विक्रीची माणसे आळशी आहेत, असा माझा समज होता. तो एका नोंदीने मोडला. मांजलपूरच्या एका ताईंनी दुपारी 2:10 वाजता फॉर्म भरला होता. व्यवस्थापक दिवसातून दोनदा, सकाळी 11 आणि दुपारी 4 वाजता, शीटमधून लीड, म्हणजे आलेल्या चौकश्या, आम्हाला वाटत असत. त्यामुळे ताईंची लीड माझ्याकडे 4 वाजता आली आणि मी 4:06 ला फोन केला. माझी सहा मिनिटे आणि वाटपाची एकशे दहा! ताई म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यांचा माणूस आत्ताच गच्ची मोजून गेला."

2011 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आलेल्या अभ्यासानुसार, तासाभरात संपर्काचा प्रयत्न करणाऱ्या कंपन्यांचे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी कामाचे बोलणे होण्याची शक्यता, आणखी तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. तत्पर कंपन्यांचे बाकीचे कामही चोख असू शकते, म्हणून सगळे श्रेय वेगाला देऊ नये. पण फॉर्म भरताना फोन ग्राहकाच्या हातात असतो आणि विजेचे बिल समोर असते, हे मी रोज पाहतो. उशीर झाला की "कुठला फॉर्म?" असा प्रश्न येतो, आणि तो वारंवार येऊ लागला की आपण उशिरा पोहोचतो आहोत हे ओळखावे.

पुढे आम्ही पाळीने आपोआप वाटप सुरू केले, तरी लीड अडतच राहिल्या, कारण पाळी ज्याची असे तो कधी वाघोडिया रोडवर कोणाच्या गच्चीवर उभा असे. मग 'जो आधी उचलेल त्याची' हा नियम करून पाहिला. त्यात मोठ्या बंगल्यांच्या चौकश्या क्षणात उचलल्या जात आणि लहान घरांच्या तशाच पडून राहत. शेवटी टिकली ती व्यवस्था अशी : साइटवर जाणाऱ्याने स्वतःला 'बाहेर' असे नोंदवायचे, पाळी फक्त कार्यालयात हजर असलेल्यांत फिरवायची, आणि पाच मिनिटांत फोन लागला नाही तर लीड पुढच्याकडे जायची. गुजराती आणि मराठी ग्राहकांसाठी वेगळ्या रांगा मात्र करू नयेत, असे माझे मत आहे. आमच्याकडे जवळपास सगळ्यांना दोन्ही भाषा येतात आणि वेगळी रांग म्हणजे थांबण्याची आणखी एक जागा.

मोजताना नुसत्या सरासरीवर विसंबू नये. पाच लीडना 4, 6, 7, 9 आणि 614 मिनिटे लागली, तर सरासरी 128 येते. मधला आकडा 7 आहे, आणि 614 ही रात्री आलेली चौकशी आहे. रात्रीच्या चौकश्यांचे घड्याळ कार्यालय उघडल्यापासून चालवावे आणि त्या वेगळ्या मोजाव्यात. 'संपर्क झाला' ही खूण काही जण फोन न लावताच करतात, म्हणून पहिल्या फोनची वेळ नेहमी कॉल लॉगमधूनच घ्यावी.