डिस्लेक्सिया आणि जुन्या प्रश्नपत्रिका: लेखनिकासह सराव करताना या चुका टाळा

सर्वात मोठी चूक म्हणजे मुलाने घरी स्वतः लिहून पेपर सोडवायचे आणि त्याने सांगितलेली उत्तरं लिहून घेणाऱ्या लेखनिकाशी गाठ थेट परीक्षेत पडायची. उत्तर लिहिणं आणि उत्तर सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांगताना पुढचा मुद्दा डोक्यात धरून ठेवावा लागतो. लेखनिक मागचं वाक्य लिहीपर्यंत थांबताना नेमका तोच मुद्दा निसटतो. म्हणून सांगण्याआधी कच्च्या कागदावर तीन-चार खुणेचे शब्द लिहायला लावा. शुद्धलेखन कसंही असो. मग सहा-आठ शब्दांचा तुकडा सांगायचा, लेखनिकाचा हात थांबला की पुढचा.

सरावाला आई किंवा शिकवणारी ताईच लेखनिक म्हणून बसली, तर ती नकळत वाक्य पूर्ण करते, चुकलेली संज्ञा सुधारते. हे होतंय का, हे ओळखायला दोन-तीन उत्तरांचं रेकॉर्डिंग करा आणि कागदाशी ताडून पाहा. कागदावर जास्तीचं काही दिसलं, तर त्या उत्तराचे गुण फसवे आहेत. विषय न शिकलेली व्यक्ती बसवणं उत्तम.

गणितात घोटाळा वेगळाच होतो. ‘दोन छेद तीन अधिक एक’ असं सांगितलं, तर लेखनिक 2/3 + 1 लिहील किंवा 2/(3 + 1). पहिल्याचं उत्तर 5/3, दुसऱ्याचं 1/2. ‘अंश दोन, छेद तीन, अपूर्णांक संपला, अधिक एक’ अशी बोली आधीच ठरवा आणि प्रत्येक पायरी लिहून झाल्यावर मुलाने ती डोळ्यांनी तपासावी.

जादा वेळ शेवटी उरलेला वेळ म्हणून वापरला, तर तो वायाच जातो. समजा पेपर 80 गुणांचा, 3 तासांचा आहे आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. म्हणजे 240 मिनिटं. सुरुवातीच्या वाचनाला 15, शेवटच्या तपासणीला 25 काढली, की 200 उरतात. एका गुणाला अडीच मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नाला 10 मिनिटं: प्रश्न वाचायला 2, खुणेच्या शब्दांना 2, सांगायला 5, परत ऐकायला 1. सांगायलाच 8 लागत असतील, तर बहुधा खुणेचे शब्द वगळले जाताहेत किंवा लेखनिकाचा वेग कमी आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण चार तास बसवू नका. आधी एक विभाग, मग अर्धा पेपर.

जुन्या पेपरची बारीक, पुसट झेरॉक्स देऊ नका. मजकूर 14 पॉइंटमध्ये, दीडपट ओळअंतराने पुन्हा टाइप करा, पानावर दोनच प्रश्न. मात्र परीक्षेत असा पेपर मिळणार नसेल, तर शेवटचे दोन-तीन पेपर मूळ छपाईतच सोडवून घ्या. वाचून दाखवण्याची सवलत असेल, तर वाचणाऱ्याने ‘नाही’, ‘वगळून’ अशा शब्दांवर मुद्दाम जोर द्यायचा नाही. मुलाने प्रश्न पुन्हा वाचायला सांगायचा.