एका फोटोत चार उत्तरपत्रिका: तपासण्याआधी करायची तयारी

चार उत्तरपत्रिका टेबलावर मांडून एकच फोटो काढलेला असतो आणि नावं, रोल नंबर बहुतेकदा स्वच्छ वाचता येतात. तपासणाऱ्याला पत्रिका कुणाची ते कळू नये म्हणून ती झाकायची असतात. तपासायला घेण्याआधी काय करायचं ते इथे लिहितो आहे, कारण मागच्या वेळी यातलं एकच काम राहिलं आणि गुण देऊन झाल्यावर कुठले गुण कुणाचे हेच लागेना.

मूळ फोटो जसाच्या तसा एका ठिकाणी ठेवा, त्याला हात लावू नका. पुढचं सगळं प्रतीवर. फोटो मेसेजमधून आला असेल तर फाइल म्हणून पुन्हा मागवा, कारण मेसेजमध्ये फोटोचा आकार कमी होतो आणि बारीक अक्षर फुटतं.

मग फोटो मोठा करून चारही कडा बघा. वरच्या उजव्या पत्रिकेचा कोपरा शेजारच्या कागदाखाली गेला असेल, तर रोल नंबर ४१ आहे की नुसता ४, हे सांगता येत नाही. अंदाज बांधू नका, फोटो पाठवणाऱ्याला आत्ताच विचारा. झाकलेल्या ओळीखाली उत्तराचे दोन शब्द असले तर ते गुणांचंही नुकसान आहे, तेव्हा त्या एका पत्रिकेचा नवा फोटो मागवलेलाच बरा.

आता ते काम, जे राहून जातं. नाव झाकण्याआधी तक्ता करा. पुन्हा सांगतो, आधी तक्ता, मग झाकणं. वेगळ्या कागदावर चार ओळी लिहा: फोटोतली जागा (वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली डावीकडे, खाली उजवीकडे), नाव, रोल नंबर आणि तुम्ही दिलेला संकेत. संकेत रोल नंबरच्या क्रमाने देऊ नका. १४, १५, १७, ४१ यांना क्रमाने १, २, ३, ४ दिलेत तर हजेरीपट समोर असलेल्या कुणालाही नाव लगेच ओळखता येतं. म्हट, रघ, कड, सब असे कुठलेही, क्रम नसलेले संकेत चालतील.

तोच संकेत कापलेल्या तुकड्यावरही हवा, नुसत्या फाइलच्या नावात नको. फाइल दुसऱ्याला पाठवली की नाव बदलतं, मेसेजमध्ये तर हमखास. चित्रावरच, मार्जिनमध्ये, ठळक टाइप करा. दुसऱ्या पानावरही तोच. मागच्या वेळी नेमकी ही पानं सुटली होती: पहिल्या पानावर संकेत, दुसऱ्यावर काहीच नाही, आणि अक्षरं इतकी सारखी की कुठलं पान कुठल्या पत्रिकेचं ते सांगता येईना. संकेत प्रत्येक पानावर, झाकण्याआधी. एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कापणं. प्रत्येक पत्रिकेची वेगळी फाइल करा आणि कापताना शेजारच्या पत्रिकेची पट्टी आत येत नाही ना, बघा. नाव बहुतेकदा त्याच पट्टीत असतं. फोनच्या गॅलरीत कापलेला फोटो पुष्कळदा ‘मूळ परत आणा’ म्हटलं की पूर्ण उघडतो. वर्ड फाइलमध्ये कापलेला भागही आतच राहतो, वेगळा काढून टाकेपर्यंत. २०२३ मध्ये तर काही फोनच्या फोटो संपादनात आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये कापलेला भाग फाइलमध्येच उरत असल्याचं उघड झालं होतं. म्हणून कापून झाल्यावर त्या तुकड्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा.

झाकायला भरीव काळा चौकोन वापरा. हायलायटरसारखं पेन नको: ते अर्धपारदर्शक असतं, एकावर एक रेघा मारूनही ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं वर येतात. धूसर करणंही नको, मोठं अक्षर तसंही ओळखता येतं. चौकोन ठेवल्यावर पुन्हा स्क्रीनशॉट, म्हणजे चौकोन उचलता येणार नाही. मग ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. नाव वरच्या चौकटीतच असतं असं नाही. पानाच्या तळाशी सही, पुरवणीवर रोल नंबर, पातळ कागदातून मागच्या बाजूचं उमटलेलं नाव, सगळीकडे नजर फिरवा.

तक्ता तुकड्यांबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका. दुसऱ्या तपासनीसाला फक्त तुकडे जातील.

राहिलेलं थोडक्यात. ग्रुपमधून आपोआप उतरलेली प्रत आणि क्लाउडवर चढलेली प्रत पुसा. मूळ फोटोत ठिकाण नोंदलेलं असू शकतं, म्हणून तो पुढे पाठवू नका. चारही तुकड्यांवरचे संकेत तक्त्याशी जुळवून बघा, दोन्ही पानांचे. जुळले की पहिला प्रश्न चारही पत्रिकांमध्ये तपासा, मग दुसरा.