धोकादायक माल नेणाऱ्या गाडीजवळ या चुका टाळा

मी चौदा वर्षं गॅसचे आणि पेट्रोलचे टँकर चालवले, आणि आता नव्या चालकांना शिकवतो. त्या चौदा वर्षांत मला भीती वाटली ती बहुतेक वेळा शेजारच्या लेनमधल्या गाडीची. टाकीत काय भरलंय, ते कसं वागतं, हे मला ठाऊक असायचं. शेजारच्याला मात्र आपण कशाच्या बाजूने चाललोय याचा पत्ता नसायचा. पाटी टाकीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असूनही.

पाटीवरचा आकडा धोक्याची पातळी समजणं

टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी निम्मे जण सांगतात की 8 म्हणजे जास्त धोका आणि 2 म्हणजे कमी. तो आकडा मालाचा वर्ग सांगतो. 2 म्हणजे वायू, 3 म्हणजे पेट्रोलसारखे पेट घेणारे द्रव, 6 म्हणजे विषारी माल, 8 म्हणजे आम्लासारखा गंजवणारा आणि कातडी जाळणारा माल. गॅसचा टँकर 2 मध्ये येतो, आणि मी आयुष्यात ज्याला सर्वांत जास्त घाबरलो तो तोच.

सामान्य चालकाने बघावा असा खरा आकडा चार अंकी असतो. हा संयुक्त राष्ट्रांचा पदार्थ क्रमांक. 1203 पेट्रोल, 1075 एलपीजी, 1017 क्लोरीन, 1830 सल्फ्युरिक आम्ल. युरोपात तो नारिंगी पाटीच्या खालच्या अर्ध्या भागात असतो. हॅझकेम ही अग्निशमनवाल्यांना काय करायचं ते संकेताने सांगणारी पद्धत, तिच्या पाटीवर त्याच्या वर आकडा आणि इंग्रजी अक्षरांचा छोटा संकेत असतो. एलपीजीचा संकेत `2YE` आहे. त्यातला 2 पाण्याच्या बारीक फवाऱ्यासाठी आणि Y अग्निशमनवाल्यांच्या पोशाखासाठी व सांडलेल्या मालाच्या बंदोबस्तासाठी. तुमच्या कामाचं फक्त शेवटचं E. ते अक्षर असेल तर आसपासची माणसं हलवावी लागू शकतात, आणि रस्त्यावर उभे असाल तर त्या माणसांत तुम्हीही आलात.

सगळे क्रमांक पाठ करायची गरज नाही. अपघात झाला तर लांबून वाचून फोनवर सांगता आला पाहिजे, एवढंच.

टँकरसमोर कट मारणं

ही चूक मी दररोज बघायचो. टँकर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालतो, आणि घाईतल्या माणसाला ती रिकामी जागा आपल्यासाठीच सोडलीय असं वाटतं. तो आत घुसतो आणि घुसल्याबरोबर ब्रेक मारतो.

हिशेब करून बघा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो, ती हवा चाकांपर्यंत पोहोचायला आणखी अर्धा सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच टँकर 33 मीटर पुढे आलेला असतो. तुम्ही 15 मीटरवर घुसून लगेच ब्रेक मारलात तर तुमचा वेग उतरत असतो आणि त्याचा नाही, मग ते 15 मीटर कितीसे पुरणार?

त्यात आतला द्रव. टाकी काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हाने द्रव फुगतो. गॅसच्या टाकीत तर साधारण 15 ते 20 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ब्रेक मारला की द्रवाची लाट पुढे येऊन टाकीच्या तोंडावर आदळते. आत आडव्या पत्र्याच्या भिंती असतात, त्यांनी लाट मोडते पण मरत नाही. गाडी थांबत आली असं वाटतं आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखी ती पुन्हा सरकते. वळणावर हीच लाट बाजूला जाते, आणि अचानक स्टिअरिंग फिरवलेला टँकर आडवा होतो. म्हणून कट मारणारा समोर आला तरी गाडी बाजूला ओढू नका, सरळ रेषेत ब्रेक मारा, असं मी शिकवतो. त्या क्षणी कट मारणाऱ्याचा जीव त्या सरळ रेषेवर असतो, हे सगळ्यांनी समजून घ्यावं.

माझी स्वतःची सवय अशी. टँकरच्या मागे किमान चार सेकंदांचं अंतर ठेवतो, पावसात त्याहून जास्त. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर मी त्याला दिसत नाही असं धरून चालतो. ओव्हरटेक करायचं तर बाजूला रेंगाळत नाही, आणि टँकरचं पूर्ण तोंड माझ्या आतल्या आरशात दिसल्याशिवाय परत लेनमध्ये येत नाही. आल्यावर वेग कमी करत नाही.

रेल्वे फाटकापाशी फाटक उघडं असतानाही टँकर थांबला तर हॉर्न वाजवू नका. कित्येक ठिकाणी त्याला तसा नियमच आहे.

"रिकामा आहे, काही होत नाही"

पेट्रोल उतरवलेल्या टाकीत वाफ राहते. भरलेल्या टाकीतली वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि पेटण्याजोगं मिश्रण तयार होऊ शकतं. म्हणूनच टाकी धुऊन वाफ काढेपर्यंत पाटी तशीच ठेवतात. पाटी दिसतेय तोवर टाकी भरलेली आहे असंच वागा, आणि उभ्या टँकरला टेकून सिगारेट ओढणाऱ्याला तिथून हलवा.

गळती दिसली की आपली गाडी काढायला धावणं

या चुकीपायी मी एकदा माणसं मरताना बघितली असती, म्हणून ही सविस्तर सांगतो.

पहाटेची वेळ, थंडी, वारा जवळजवळ नाहीच. मी रिकामा परतत होतो. पुढे रस्ता एका खोलगट जागेत उतरून पुन्हा चढत होता, आणि पलीकडच्या उतारावर गॅसचा टँकर आडवा पडला होता. मी अलीकडच्या उंच बाजूला, दोनशे मीटर मागे थांबलो. फोनच्या कॅमेऱ्याने पाटी मोठी करून बघितली. 1075. टाकीच्या खालून पांढरं धुकं निघून खोलगट भागाकडे सरकत होतं, आणि तिथे पाच-सहा गाड्या थांबलेल्या होत्या.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जाऊन विरत नाही. पाण्यासारखा उताराने वाहतो आणि खड्ड्यात, नाल्यात, गटारात साठतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 2 ते 10 टक्के असलं की एक ठिणगी पुरते. पांढरं दिसतं ते थंडीने गोठलेलं हवेतलं बाष्प. वायू त्या धुक्याच्या काठापलीकडेही पसरलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वासावरही विसंबू नका, कारण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं.

खालच्या गाड्यांतला एक माणूस दार उघडून बाहेर आला होता. धुकं जवळ येताना बघून तो परत आत बसायला निघाला. गाडी मागे घेऊ, सुटू, असा त्याचा विचार. मी वरून जीव तोडून ओरडलो, "सेल्फ मारू नका! चावी सोडा, इकडे वर चालत या!" त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तो चालत निघाला आणि त्याच्यामागे बाकीचेही. सेल्फ मारताना स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. त्या जागी तेवढं पुरेसं होतं.

दिवस उजाडून चांगलाच वर आला तेव्हा अग्निशमनवाल्यांनी मीटरने वायू मोजून रस्ता मोकळा केला. खोलगट भागातल्या गाड्या तोवर जागच्या हलवल्या नव्हत्या. एकही पेटली नाही. "माझी गाडी चांगली आहे ना," असं तो माणूस मला तीनदा विचारत होता. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

तर करायचं ते असं. धुकं तुमच्यापासून लांब असेल आणि मागचा रस्ता मोकळा असेल तर वळा आणि निघा. वायू गाडीभोवती आलेला असेल किंवा तशी शंका असेल, तर इंजिन बंद करा, पुन्हा चालू करू नका, चावी तिथेच सोडा आणि वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, चढाकडे चालत जा. धुक्यातून वाट काढू नका. डिझेल गाडी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. हवेसोबत गॅस आत ओढला गेला तर डिझेल इंजिन चावी काढूनही आपोआप वेग घेत फिरत राहतं.

पेट्रोल सांडलं असेल तर डबा घेऊन जाऊ नका. 25 जून 2017 रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून घ्यायला गर्दी जमली आणि ते पेटलं. दोनशेहून जास्त माणसं गेली.

आग बघत उभं राहणं

गॅसच्या टाकीला बाहेरून आग लागली की आतला द्रव उकळतो आणि दाब वाढतो. टाकीच्या ज्या भागाला आतून द्रव टेकलेला असतो तो जरा थंड राहतो. वरचा कोरडा पत्रा तापून मऊ होतो आणि फाटतो, मग सगळा माल एका क्षणात बाहेर पडून आगीचा गोळा होतो. सुरक्षा झडपेची शिट्टी चढत जाणं आणि टाकीचा रंग बदलणं ही शेवटची खूण. ती ऐकायला तिथे असणं हीच चूक झाली.

6 ऑगस्ट 2018 रोजी इटलीत बोलोन्याजवळ एलपीजीचा टँकर पुढच्या थांबलेल्या रांगेवर आदळला. आधी आग लागली आणि काही मिनिटांनी टाकी फुटली. दोघे मेले, शंभराहून जास्त जखमी झाले, त्यातले कित्येक जण काचा फुटून. ती मधली मिनिटं लांब जाण्यासाठी होती.

किती लांब, याला आकडे आहेत. उत्तर अमेरिकेतली अग्निशमन दलं वापरतात त्या मार्गदर्शिकेत एलपीजीच्या गळतीसाठी सुरुवातीला सगळ्या बाजूंनी किमान 100 मीटर मोकळे ठेवायला सांगितले आहेत, मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेने 800 मीटर. टाकी आगीत सापडली असेल तर सगळ्या बाजूंनी 1600 मीटर. रस्त्याच्या कडेला फोन उंच धरून उभा राहणारा माणूस साधारण पन्नास मीटरवर असतो.

फोनवर फक्त "टँकर पेटलाय" सांगणं

त्या पहाटे मी फोनवर एवढंच बोललो: "रस्त्याचा अमुक किलोमीटर, टँकर आडवा आहे, पाटीवर एक शून्य सात पाच, पांढरा वायू निघून खोलगट भागात उतरतोय, आग नाही, वारा नाही, खाली पाच-सहा गाड्या आहेत, माणसं चालत वर येताहेत." क्रमांक एकेक अंक सुटा सांगितला, समोरच्याकडून परत वदवून घेतला. मग मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला आणखी मागे चालत गेलो.