फुटक्या टाइल्सची तक्रार करताना

ट्रकवाल्याच्या पोचपावतीवर सही करण्याआधीच लिहा: ‘४० पैकी ३ बॉक्स फुटके, बाकी तपासायचे आहेत’, आणि ड्रायव्हरची सही घ्या. कोरी सही दिली की पुरवठादार म्हणतो, माल तुमच्याकडे फुटला. फोटो आधी बंद बॉक्सचा, बॅच नंबर दिसेल असा, मग उघडलेल्याचा. त्याच दिवशी बिल नंबरासह ईमेल करा: ‘२ दिवसांत उत्तर आणि ७ दिवसांत त्याच बॅचचे ३ बॉक्स द्या, नसतील तर त्यांची रक्कम परत करा.’ दोन्ही मुदतींच्या तारखाही लिहा. बॅचचा आग्रह सोडू नका, वेगळ्या बॅचची छटा जमिनीवर उठून दिसते. उत्तर येईपर्यंत टाइल्स बसवू नका, फुटके तुकडेही ठेवा; पाहणीला माणूस येऊ शकतो.