छापखान्याचं टेबल कॅलेंडर: पाठीमागची बाजू आधी ठरवा

टेबल कॅलेंडरचं तोंड त्याच्या मालकाकडे असतं आणि पाठ समोरच्या खुर्चीकडे. त्या खुर्चीत दिवसभर माणसं बदलत राहतात, आणि छापखान्याचं उद्याचं गिऱ्हाईक त्यांच्यातलंच कुणीतरी असतं. तरीही बहुतेक डिझाइनमध्ये पाठीवर छपाईयंत्राचा फोटो नाहीतर कामांची लांबलचक यादी टाकून मोकळं होतात. ती यादी दुसऱ्यांदा कुणी वाचत नाही.

माप आधी पक्कं करा. स्टँडची एक बाजू २१० बाय १५० मिमी आणि पानं २१० बाय १३० मिमी घेतली, की पानांखाली २० मिमीची पट्टी कायम उघडी राहते. फर्मचं नाव आणि फोन नंबर स्टँडच्या दोन्ही बाजूंना याच पट्टीवर छापा, पानांवर नाही. पानं उलटली जातात, पट्टी वर्षभर जागची हलत नाही. शिवाय पानापानावर जाहिरात असलेलं कॅलेंडर टेबलावरून लवकर हलतं.

तारखांचा तक्ता सहा ओळींचाच धरा. आठवडा रविवारपासून मांडला तर २०२७ मध्ये जानेवारी, मे आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांना सहा ओळी लागतात. पाच ओळींत बसवण्यासाठी २४ आणि ३१ एकाच चौकटीत कोंबणं हा आळस आहे; त्या दोन्ही दिवशी काही लिहायचं असेल तर जागा उरत नाही. कागद अनकोटेड घ्या, साधारण २५० जीएसएमचा. तारखांच्या बाजूला लॅमिनेशन नको. चकचकीत पानावर पेनाची शाई फासते, आणि ज्यावर लिहिता येत नाही ते कॅलेंडर नुसतं शोभेचं होतं.

आता खरी अडचण. मुखपृष्ठ आणि बारा महिने अशी १३ पानं धरू. पान वरून मागे टाकलं, की त्याची मागची बाजू समोरच्या खुर्चीला दिसते. जानेवारी सुरू होताना मुखपृष्ठ मागे जातं, म्हणजे जानेवारीभर पाहुण्यासमोर मुखपृष्ठाची पाठ असते. म्हणून पाहुण्यासाठीचा जानेवारी मुखपृष्ठाच्या पाठीवर हवा, फेब्रुवारी जानेवारीच्या पाठीवर, मार्च फेब्रुवारीच्या पाठीवर, असं शेवटपर्यंत. नेहमीची चूक म्हणजे जानेवारीच्या पाठीवर जानेवारीच छापणं. मग पाहुणा वर्षभर मागचा महिना बघत बसतो आणि फर्मचं नाव त्या चुकीला चिकटतं. डिसेंबरची पाठ उरते, तिथे पुढच्या वर्षाचा जानेवारी द्या. नवं कॅलेंडर पोचायला उशीर झाला तरी जुनं टेबलावर टिकतं.

दुसरी चूक दिशेची. दोन्ही बाजूंचं डोकं वायरोकडेच यायला हवं. भिंतीवरच्या कॅलेंडरची सवय असलेला डिझायनर मागची बाजू उलटी लावतो. स्क्रीनवर दोन पानं शेजारी ठेवून पाहिली तर हे कधीच कळत नाही. ते हातात धरूनच कळतं.

पाठीवर महिन्याचा छोटा तक्ता आणि छपाईचा एक खरा नमुना पुरे: एका महिन्यात फॉइल, एकात स्पॉट यूव्ही, एकात एम्बॉसिंग. पाहुण्याचं बोट आपोआप तिथे फिरतं; यादीने हे होत नाही. मात्र एम्बॉसिंगचा खळगा पानाच्या दुसऱ्या बाजूला उमटतो, आणि तिथे आदल्या महिन्याच्या तारखा असतात. डोकं एकाच बाजूला असल्यामुळे पाठीचा उजवा भाग पुढच्या डाव्या भागामागे येतो. म्हणजे पुढे तारखा उजवीकडे आणि चित्र डावीकडे असेल, तर पाठीवरचं एम्बॉसिंग उजवीकडेच घ्या. ते डावीकडे सरकलं तर खळगे तारखांच्या चौकटींत पडतात आणि पेन अडखळतं.

फाइल प्लेटला जाण्याआधी त्याच कागदाच्या १३ पानांची डमी करा. दोन्ही बाजूंना पेन्सिलने महिने लिहा, भोकं पाडून दोऱ्याने ओवा आणि स्टँडवर लावा. समोर मार्च आला, की उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसा. तिथूनही मार्चच दिसला आणि सुलटा दिसला, तर रचना बरोबर आहे. फेब्रुवारी दिसला तर पाठी एकेक पान मागे सरकवा. वायरोचा व्यास याच डमीवरून ठरवा. सगळी पानं मागे गेल्यावर कडा अडकत असतील तर एक माप मोठा घ्या. वायरोसाठी पानाच्या वरच्या कडेपासून १२ मिमी जागा कोरी ठेवा.

पंचिंग, बाइंडिंग आणि पॅकिंग नेहमीसारखंच. वाटप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरका. त्यानंतर टेबलावरची जागा दुसऱ्याच्या कॅलेंडरने घेतलेली असते.